लॅपटॉप खर्चात टाकायचा की मालमत्तेत?

«माझं छोटं किरकोळ दुकान आहे, मालक मी एकटाच. जीएसटी नेहमीच्या पद्धतीने भरतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये बिलिंग आणि स्टॉकसाठी लॅपटॉप घेतला. माउस, बॅग आणि वर्षभराचं अँटीव्हायरस धरून जीएसटीसह ६१,९५० रुपये झाले. हिशेब लिहिणारा मुलगा म्हणतो, सगळं ऑफिस खर्चात टाकू, नफा कमी दिसेल. शेजारचे दुकानदार म्हणतात, मालमत्तेत दाखवा. बरोबर काय?»

मालमत्तेत. पण बिलातली प्रत्येक ओळ नव्हे. आणि तुम्ही उलाढालीच्या ठरावीक टक्के नफा धरून कर भरण्याच्या योजनेत, म्हणजे सगळे जिला ४४एडी म्हणतात तिच्यात असाल, तर आयकरापुरता या प्रश्नाचा परिणाम जवळपास शून्य आहे. त्याबद्दल पुढे लिहितो. आधी तुम्ही प्रत्यक्ष खर्च वजा करून नफा काढता असं धरून चालू.

पैसे गेले ते गेलेच, त्यावर वाद नाही. ते कोणत्या वर्षाच्या नफ्यातून वजा करायचे, एवढंच ठरवायचं आहे. दुकानाचं भाडं, वीजबिल, बिलाच्या रोलचा कागद यांचा उपयोग ज्या महिन्यात घेतला त्याच महिन्यात संपतो, म्हणून ते त्याच वर्षाचं. हा महसुली खर्च. लॅपटॉप तुम्ही नोव्हेंबरमध्ये घेतलात, पण तो पुढच्या दिवाळीलाही बिलं काढणार आहे आणि त्याच्या पुढच्या दिवाळीलाही. मग त्याची सगळी किंमत एकाच वर्षाच्या माथी मारली, तर ते वर्ष उगाच वाईट दिसतं आणि पुढची वर्षं उगाच चांगली. म्हणून किंमत मालमत्तेत ठेवायची आणि तिचा एकेक हिस्सा दरवर्षी घसारा म्हणून खर्चात न्यायचा. हा भांडवली खर्च.

टिकाऊ फायद्याची ही कसोटी जुनी आहे. १९२६ साली इंग्लंडमधल्या एका खटल्यात लॉर्ड केव्ह यांनी ती मांडली आणि आपल्याकडच्या न्यायालयांनीही ती उचलली. पण १९८० साली एम्पायर ज्यूट कंपनीच्या प्रकरणात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने एक महत्त्वाची गोष्ट सांगितली: फायदा वर्षापेक्षा जास्त टिकतो एवढ्यावरून प्रत्येक खर्च भांडवली ठरत नाही, तो फायदा भांडवलाच्या बाजूचा आहे की रोजचा धंदा चालवण्याच्या बाजूचा, हे बघावं लागतं. लॅपटॉपच्या बाबतीत दोन्ही कसोट्या एकाच उत्तराकडे नेतात. तो बरीच वर्षं टिकतो, आणि तो विकायचा माल नसून ज्याच्या जोरावर माल विकायचा ते साधन आहे. याच कारणामुळे लॅपटॉप विकणाऱ्या दुकानात तोच डबा खरेदीत आणि शिल्लक मालात जातो. त्यातला एक काउंटरवर बिलिंगला लावला, की तेवढाच मालमत्तेत येतो. म्हणजे वस्तू काय आहे यापेक्षा तुम्ही ती कशासाठी घेतलीत, हे आधी विचारायचं.

आता तुमचं बिल ओळीओळीने बघू. तुम्ही फक्त बेरीज दिली आहे, म्हणून मी अशी फोड धरतो: लॅपटॉप ५०,०००, माउस आणि बॅग १,५००, अँटीव्हायरस १,०००. बेरीज ५२,५००, त्यावर १८ टक्क्यांनी जीएसटी ९,४५०, एकूण ६१,९५०. तुमच्या बिलात आकडे थोडे वेगळे असतील, रीत तीच.

पहिल्यांदा जीएसटी बाजूला काढा. तुम्ही नेहमीच्या पद्धतीत आहात, म्हणजे ९,४५० चं इनपुट टॅक्स क्रेडिट मिळतं. ते घेतलंत, की ती रक्कम लॅपटॉपच्या किमतीत धरायची नाही. किमतीत धरून तिच्यावर घसाराही काढायचा आणि क्रेडिटही घ्यायचं, हे दोन्ही कायद्यांत चालत नाही. जीएसटी कायदा स्पष्ट म्हणतो की कराच्या रकमेवर घसारा घेतला तर तेवढं क्रेडिट मिळणार नाही. बरेचदा गोष्ट अशी होते की बिलाची पूर्ण रक्कम मालमत्तेच्या खात्यावर टाकली जाते आणि महिन्याच्या रिटर्नमध्ये क्रेडिटही घेतलं जातं. दोन्ही कामं वेगवेगळी माणसं करतात, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. तुमच्या खात्यात हे झालंय का, ते पाहणं सोपं आहे: लॅपटॉपच्या खात्यावरची रक्कम बिलातल्या करपूर्व रकमेशी जुळते का, एवढं बघा. कंपोझिशनमधल्या दुकानदाराला मात्र क्रेडिटच नसतं, त्यामुळे त्याच्या बाबतीत लॅपटॉपची किंमत ५९,००० धरायची.

मग अँटीव्हायरस. वर्षाचं वर्गणीचं सॉफ्टवेअर आहे, वर्ष संपलं की संपलं. तो महसुली खर्च. काटेकोर बोलायचं तर मार्चनंतरच्या महिन्यांचा वाटा आगाऊ दिलेला खर्च म्हणून पुढे न्यायला हवा, पण हजार रुपयांसाठी मी ते करत नाही. बिलिंगचं सॉफ्टवेअर घेतलं असेल तर हाच विचार लावा. कायमचा परवाना एकदाच विकत घेतला असेल तर तो भांडवली, आणि आयकरात सॉफ्टवेअर कॉम्प्युटरच्याच गटात बसतं. दरवर्षी किंवा दरमहा पैसे भरून वापरत असाल तर तो सरळ खर्च.

माउस आणि बॅगेबद्दल मतं वेगळी पडू शकतात. कोणी म्हणेल, लॅपटॉपबरोबरच घेतलं, म्हणून त्याच्याच किमतीत धरा. तेही चुकीचं म्हणता येणार नाही. मी स्वतः त्या वस्तू खर्चात टाकतो. माउस वर्ष-दीड वर्षात बदलावा लागतो आणि बॅगेचा वेगळा माग ठेवण्यात अर्थ नाही. अशा फुटकळ वस्तूंसाठी दुकानाने एक मर्यादा ठरवून घ्यावी, उदाहरणार्थ पाच हजारांखालची वस्तू खर्चात, आणि ती दरवर्षी तशीच पाळावी. नफा जास्त दिसला की मर्यादा वाढवायची आणि बँकेला ताळेबंद दाखवायचा असला की उतरवायची, हे मात्र करू नका. तपासणीत आकड्यापेक्षा ही धरसोडच आधी डोळ्यांत भरते.

पाच हजारांवरून एक गोष्ट सांगायला हवी, कारण तुमच्या हिशेब लिहिणाऱ्याने ती कोणाकडून तरी ऐकली असण्याची शक्यता आहे. आयकर कायद्यात पूर्वी खरोखरच अशी तरतूद होती की पाच हजारांपर्यंतचं यंत्र असेल तर त्याची पूर्ण किंमत पहिल्याच वर्षी घसारा म्हणून वजा करता येत असे. ती १९९५ च्या वित्त कायद्याने काढून टाकली. आज लहान मालमत्ता थेट खर्चात टाकण्यासाठी कायद्याने दिलेली अशी कोणतीही रक्कम नाही. तुम्ही ठरवलेली मर्यादा ही केवळ व्यवहाराची सोय आहे, आणि फुटकळ वस्तूंपुरतीच ती कोणी मान्य करतं. पन्नास हजारांचा लॅपटॉप एका लहान दुकानाच्या हिशेबात फुटकळ ठरत नाही.

तर मालमत्तेत जातात ५०,०००. आता घसारा. आयकरात कॉम्प्युटर आणि लॅपटॉपला ४० टक्के दर आहे आणि तो दरवर्षी उरलेल्या किमतीवर लागतो. पण घेतलेल्या वर्षात वस्तू १८० दिवसांपेक्षा कमी वापरली असेल तर त्या वर्षापुरता अर्धा दर. आर्थिक वर्ष मार्चअखेर संपतं, त्यामुळे ऑक्टोबरचे पहिले दोन-तीन दिवस उलटल्यावर वापरात आलेली कोणतीही वस्तू या अर्ध्या दरात सापडते. तुमचा लॅपटॉप नोव्हेंबरचा आहे. म्हणून २०२५-२६ साठी २० टक्के, म्हणजे १०,००० घसारा आणि उरले ४०,०००. पुढच्या वर्षी पूर्ण ४० टक्के, १६,०००, उरले २४,०००. त्याच्या पुढे ९,६००, उरले १४,४००. चौथ्या वर्षी ५,७६०, उरले ८,६४०. म्हणजे बहुतेक किंमत पहिल्या तीन-चार वर्षांत वजा होऊन जाते.

यात दोन बारकावे आहेत. एक, मोजायची ती वापरात आल्याची तारीख, बिलाची नव्हे. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात घेतलेला लॅपटॉप खोक्यातच पडून असेल तर त्या वर्षी घसारा अजिबात नाही. तो सुरू करून पहिलं बिल कोणत्या तारखेला काढलं याची नोंद सॉफ्टवेअरमध्ये आपोआप राहते, तोच तुमचा पुरावा. दुसरं, घसारा ऐच्छिक नाही. यंदा नफा कमी आहे म्हणून तो न घेता पुढच्या वर्षासाठी राखून ठेवता येत नाही. तुम्ही घेतला नाहीत तरी घेतला असं धरूनच पुढची किंमत काढली जाते.

१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला आहे आणि कलमांचे क्रमांक बदलले आहेत. म्हणून मी इथे क्रमांक देत नाही. गटवार घसारा, म्हणजे एकाच दराच्या वस्तूंची किंमत एकत्र धरून काढलेला घसारा, आणि १८० दिवसांचा नियम ही चौकट त्यातही कायम आहे.

आता तुमच्या हिशेब लिहिणाऱ्या मुलाच्या मुद्द्याकडे. लॅपटॉपची सगळी किंमत खर्चात टाकली तर यंदा तिची वजावट ५०,०००, मालमत्तेत दाखवली तर १०,०००. फरक ४०,००० चा. तुमचं उत्पन्न वीस टक्क्यांच्या टप्प्यात असेल तर सेससह सुमारे ८,३०० रुपये कर यंदा कमी भरला जाईल. पण ती बचत नाही. तेच ४०,००० पुढच्या वर्षांत घसारा म्हणून मिळणारच होते, ते मिळणार नाहीत आणि तेव्हा कर जास्त भरावा लागेल. मिळाला तो फक्त काळ. त्यात तपासणी झाली आणि अधिकाऱ्याने खर्च नाकारून घसाराच मंजूर केला, तर कर आणि वर व्याज. शिवाय २०२५-२६ साठी नव्या कररचनेत १२ लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर निवासी व्यक्तीला कर लागत नाही. तुम्ही त्या मर्यादेच्या आत असाल तर यंदाचे ४०,००० वजा करून हाती काहीच येत नाही, उलट पुढे उत्पन्न वाढेल तेव्हा कामी येणारी वजावट आज वाया जाते. लहान दुकानदारांना मी हे नेहमी आकडे मांडून दाखवतो, कारण खर्च जितका लवकर टाकू तितका फायदा, ही समजूत फार पक्की असते.

४४एडीचं सांगतो म्हणालो होतो. त्या योजनेत उलाढालीच्या आठ टक्के, आणि बँकेतून किंवा डिजिटल मार्गाने आलेल्या रकमेवर सहा टक्के नफा धरला जातो, किंवा तुम्ही त्याहून जास्त दाखवाल तेवढा. त्यापुढे ना लॅपटॉप खर्चात टाकून काही वजा होतं, ना घसारा. कायदा धरून चालतो की घसारा त्या टक्क्यांतच मिळाला. म्हणून योजनेत तीन वर्षं काढून मग बाहेर पडलात, तर लॅपटॉपची किंमत ५०,००० वरून सुरू करता येत नाही. मधल्या वर्षांचा घसारा कागदावर वजा करून १४,४०० वरूनच पुढे जावं लागतं. त्यामुळे योजनेत असलात तरी लॅपटॉपची तारीख, किंमत आणि दरवर्षीची उरलेली रक्कम एका पानावर लिहून ठेवा.

ज्यावर सर्वांत जास्त वाद होतो तो भाग नंतर येतो, लॅपटॉप जुना झाल्यावर. बॅटरी गेली, कीबोर्ड बिघडला, स्क्रीनला तडा गेला आणि ते बदलून घेतलं, तर तो दुरुस्तीचा खर्च, रक्कम आठ हजार असली तरी. कारण लॅपटॉप होता तसा पुन्हा चालू झाला, नवीन काही हाती आलं नाही. रॅम दुप्पट केली किंवा हार्ड डिस्क काढून मोठी एसएसडी बसवली, तर यंत्राची क्षमता आधीपेक्षा वाढली. तत्त्वाने ती रक्कम मालमत्तेत जायला हवी. रक्कम तुमच्या मर्यादेखाली असेल तर खर्चात टाका, वर असेल तर मालमत्तेत.

आणि जुना लॅपटॉप बंद पडला म्हणून नवा घेतला तर? इथे बरेच जण म्हणतात, ही तर बदली आहे, दुकानात पूर्वीही एकच होता आणि आताही एकच, म्हणजे दुरुस्तीच. ते बरोबर नाही. २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने सरवण स्पिनिंग मिल्सच्या प्रकरणात हाच प्रश्न सूतगिरणीतल्या यंत्रांबद्दल सोडवला. गिरणीचं म्हणणं होतं की अख्खी गिरणी हे एक यंत्र आहे आणि आम्ही त्यातला एक भाग बदलला. न्यायालयाने ते मान्य केलं नाही: स्वतंत्रपणे काम करणारं प्रत्येक यंत्र वेगळं, आणि ते अख्खं बदलणं म्हणजे चालू दुरुस्ती नव्हे. स्क्रीन हा लॅपटॉपचा भाग आहे. पण लॅपटॉप हा दुकानाचा भाग नाही, ते स्वतःच एक पूर्ण यंत्र आहे.

जुना विकलात तर आलेले पैसे उत्पन्नात न दाखवता त्या गटातून वजा करा. समजा तिसऱ्या वर्षाअखेर १४,४०० उरलेत, चौथ्या वर्षी जुना १२,००० ला दिला आणि जूनमध्ये ५५,००० चा नवा घेतला. गटात झाले ५७,४०० आणि त्यावर ४० टक्के. जीएसटीत मात्र विसरू नका: क्रेडिट घेतलेला लॅपटॉप विकताना कर भरावा लागतो. आणि जीएसटी कायद्यात भांडवली माल म्हणजे ज्याची किंमत हिशेबात भांडवली धरली आहे तो माल. त्यामुळे तुम्ही वहीत लॅपटॉप कुठे लिहिता, यावर पुढचे नियमही ठरतात.

लॅपटॉप हप्त्यांवर घेतला असेल तर दरमहा जाणारा हप्ता खर्चात टाकायचा नाही. ही चूक मी सर्वांत जास्त वेळा दुरुस्त केली आहे. पहिल्याच दिवशी पूर्ण ५०,००० मालमत्तेत घ्यायचे, तेवढं देणं कर्जाच्या बाजूला दाखवायचं, आणि हप्त्यातलं फक्त व्याज आणि प्रक्रिया शुल्क खर्चात. पैसे रोख दिले असतील तर गोष्ट गंभीर आहे. एका दिवसात एका व्यक्तीला १०,००० पेक्षा जास्त रोख दिली, तर तेवढी रक्कम मालमत्तेच्या किमतीत धरलीच जात नाही, म्हणजे तिच्यावर घसारा कधीच नाही. खर्चात टाकून सुटकाही नाही, तिथेही तीच मर्यादा आहे. घरी मुलं अभ्यासाला तोच लॅपटॉप वापरत असतील तर घसारा आणि क्रेडिट दोन्ही दुकानाच्या वापराच्या प्रमाणातच घ्या, आणि ते प्रमाण दरवर्षी तेच ठेवा.

राहिली नोंद. हिशेब लिहिणाऱ्या मुलाने सगळं आधीच ऑफिस खर्चात टाकलं असेल आणि तुम्ही टॅली वापरत असाल, तर खात्याचा गट बदलू नका. ऑफिस खर्चाचं खातं `Indirect Expenses` मधून `Fixed Assets` मध्ये हलवलंत, तर वर्षभराचा चहा, कागद, झेरॉक्स सगळंच मालमत्ता होऊन बसेल. `Fixed Assets` खाली «लॅपटॉप व कॉम्प्युटर» असं नवं खातं उघडा आणि ३१ मार्चच्या तारखेने एक जर्नल नोंद करा: लॅपटॉप खातं नावे ५०,०००, ऑफिस खर्च खातं जमा ५०,०००. दुसरी नोंद: घसारा खातं नावे १०,०००, लॅपटॉप खातं जमा १०,०००. खरेदीच्या वेळी जीएसटीही खर्चातच गेला असेल, तर तो इनपुट खात्यांवर वेगळा न्या. क्रेडिट घ्यायचं राहिलं असेल तर ते ३० नोव्हेंबर २०२६ पर्यंत, किंवा त्याआधी वार्षिक रिटर्न भरणार असाल तर त्याच्याही आधी घ्यावं लागतं. २०२५-२६ चं आयकर विवरणपत्र भरून झालं असेल तर नुसती वहीतली नोंद पुरणार नाही, मुदत असेतो सुधारित विवरणपत्र भरा. आणि लॅपटॉपच्या मूळ बिलाची एक प्रत घसाऱ्याच्या तक्त्याबरोबर लावून ठेवा. लॅपटॉपच्या खालच्या बाजूचा अनुक्रमांक वहीत लिहून ठेवलात, तर चार वर्षांनी विकताना नेमका हाच लॅपटॉप विकला, हे दाखवता येतं.